मॉक इंटरव्ह्यूसाठी सीनियरला काय लिहाल?

"सर, ॲमेझॉनच्या इंटरव्ह्यूबद्दल गाइड करा ना." अशा मेसेजला उत्तर मिळणं कठीण, कारण नेमकं काय हवंय हेच त्यातून कळत नाही. ॲमेझॉन कोडिंगबरोबर आपली १६ लीडरशिप प्रिन्सिपल्सही तपासतं. त्यावरचे प्रश्न अनुभवाचे असतात. कोडिंगचा सराव एकट्याने होतो. पण किस्सा सांगताना आपण सारखं 'आम्ही केलं' म्हणतो आणि स्वतःचं काम झाकतो, हे दुसऱ्यानेच टोकावं लागतं. मागावं ते तेवढंच:

"नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजची, तुमच्यानंतर तीन वर्षांची. १८ तारखेला ॲमेझॉनमध्ये एसडीई-१ च्या फेऱ्या आहेत. ग्राफचे प्रश्न सुटतात, अनुभवाची उत्तरं भरकटतात. या रविवारी ४५ मिनिटं मॉक घ्याल का? एक कोडिंगचा प्रश्न, दोन अनुभवाचे. वेळ नसेल तर एवढंच सांगा: 'ओनरशिप'साठी कॉलेज प्रोजेक्टचा किस्सा चालेल का? रेझ्युमे जोडलाय."

शेवटचा प्रश्न मुद्दाम छोटा ठेवलाय. लोकलमध्ये उभ्या उभ्याही त्याचं उत्तर देता येतं. "तिथे नेमके कोणते प्रश्न विचारतात?" हे मात्र विचारू नये. ते गोपनीय असतं, आणि ते विचारलं की सीनियर अवघडतो, मग मॉकही राहून जातो.