एसीचा गॅस गेला कुठे?

एप्रिल उजाडला की एसीची दुरुस्ती करणाऱ्यांचे फोन दिवसभर वाजत राहतात. तक्रार बहुतेक सगळीकडे एकच असते: मागच्या वर्षी खोली दहा मिनिटांत गार व्हायची, यंदा तासभर झाला तरी पंख्यासारखी नुसती हवा येते. मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिटला गेज लावतो आणि म्हणतो, "गॅस कमी झालाय, भरावा लागेल." गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, खोली गार होते. पुढच्या उन्हाळ्यात, कधी कधी तर दिवाळीच्या आतच, तोच मेकॅनिक तोच गेज घेऊन पुन्हा दारात उभा असतो.

या व्यवहारात एक प्रश्न बहुधा कुणी विचारत नाही. आधीचा गॅस गेला कुठे?

गाडीत पेट्रोल जळतं तसा एसीतला गॅस खर्च होत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांमध्ये तोच गॅस पुन्हापुन्हा फिरतो. घरातल्या कॉइलमध्ये द्रवाची वाफ होताना तो खोलीतली उष्णता शोषतो, कंप्रेसर त्याला दाबून बाहेरच्या कॉइलकडे पाठवतो, तिथे उष्णता सोडून तो परत द्रव होतो. यंत्र नीट बसवलेलं असेल तर कारखान्यात भरलेला गॅस त्याच्या संपूर्ण आयुष्याला पुरतो. 'दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो' या समजुतीला काहीही आधार नाही. गॅस कमी झाला असेल तर कुठून तरी तो बाहेर पडतोय.

याला एक अपवाद आहे. यंत्र बसवतानाच गॅस कमी राहिलेला असू शकतो. कंपनीने भरलेला गॅस ठरावीक लांबीच्या पाइपला पुरेल इतका असतो. आउटडोअर युनिट गच्चीवर आणि इनडोअर दोन मजले खाली असेल, तर वाढलेल्या प्रत्येक मीटरला किती ग्रॅम गॅस जास्त घालायचा ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. घाईत ते राहून जातं. असा एसी पहिल्या दिवसापासूनच थोडा कमी गार करतो, आणि तिथे उरलेला गॅस मोजून घातला की काम खरोखर संपतं. पण जो एसी दोन उन्हाळे उत्तम चालला आणि तिसऱ्यात मंदावला, त्याची गोष्ट वेगळी.

गॅस कमी झाल्याची सगळ्यात ठळक आणि सगळ्यात फसवी खूण म्हणजे बर्फ. गॅस कमी असताना बर्फ का जमावा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. पण कॉइलमध्ये गॅस कमी झाला की तिथला दाब उतरतो, आणि दाब उतरला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. आज घराघरांत असलेल्या आर-32 या गॅसचा दाब चालू यंत्रात सुमारे 100 पीएसआयच्या खाली गेला, की कॉइलच्या सुरुवातीच्या नळ्या शून्य अंशाच्याही खाली जातात. हवेतलं बाष्प तिथे गोठतं. उरलेल्या कॉइलपर्यंत मात्र द्रव पोहोचतच नाही, त्यामुळे ती जवळजवळ कोरडी आणि कोमट राहते. आउटडोअर युनिटपाशी पाहिलं तर बारीक पाइपवर पांढरा थर दिसतो, आणि एरवी थंड नि घामेजलेला असणारा जाड पाइप हाताला साधाच लागतो.

फसवी अशासाठी, की धुळीने भरलेल्या फिल्टरमुळेही बर्फ जमतो. हवा कॉइलवरून पुरेशी वाहिली नाही की द्रवाला उष्णता मिळत नाही आणि दाब तसाच उतरतो. फरक बर्फाच्या जागेत दिसतो. गॅस कमी असेल तर कॉइलचा एक कोपराच गोठतो. हवा अडली असेल तर बर्फ सगळ्या कॉइलभर पसरतो आणि जाड पाइपपर्यंत येतो. म्हणून मेकॅनिकला बोलावण्याआधी फिल्टर धुवावा, एसी बंद ठेवून बर्फ वितळू द्यावा आणि मग पुन्हा तपासावं. वीस मिनिटं चालल्यावर एसीत शिरणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांच्या तापमानात साधारण 8 ते 12 अंशांचा फरक हवा. फिल्टर स्वच्छ असूनही तो 4-5 अंशांवरच अडला, तर गॅसची शंका घ्यायला जागा आहे. इन्व्हर्टर एसी असेल तर तापमान अगदी खाली ठेवूनच हे मोजावं, कारण खोली गार झाल्यावर त्याचा कंप्रेसर आपणहून मंद होतो.

आता गेजकडे. पुष्कळ ठिकाणी गॅस किती भरायचा ते केवळ गेजचा काटा पाहून ठरतं, आणि इथेच मोठी चूक होते. बंद यंत्रातला दाब तर गॅसच्या प्रमाणाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. बाहेर 30 अंश असताना आर-32चा दाब सुमारे 265 पीएसआय असतो; आत 800 ग्रॅम गॅस असो की 500, थोडा जरी द्रव शिल्लक असेल तरी काटा तिथेच थांबतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरची ज्योत शेवटच्या दिवसापर्यंत तशीच राहते, त्याचं कारणही हेच. चालू यंत्रातला दाब थोडं अधिक सांगतो, पण तोही खोलीच्या उकाड्यावर, बाहेरच्या उन्हावर, आउटडोअर कॉइलवरच्या धुळीवर बदलतो. फिल्टर मळका असताना काटा खाली दिसला आणि त्यावरून गॅस ओतला, तर फिल्टर धुतल्यावर तोच गॅस जास्त ठरतो. जास्त गॅसमुळे वीज अधिक लागते आणि कंप्रेसरवर ताण येतो.

खरं उत्तर वजनकाट्यावर मिळतं. समजा, वसईच्या किनाऱ्यालगतच्या फ्लॅटमध्ये दीड टनाचा एसी आहे आणि त्याच्या आउटडोअर युनिटवरच्या पट्टीवर आर-32, 800 ग्रॅम असं लिहिलंय. दहा महिन्यांपूर्वी मोजून गॅस भरला होता, आता पुन्हा गारवा गेला. नीट काम करणारा तंत्रज्ञ उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने रिकाम्या सिलिंडरमध्ये काढतो, वजन करतो, आणि ते भरतं 500 ग्रॅम. म्हणजे 300 दिवसांत 300 ग्रॅम गेला, दिवसाला एक ग्रॅम. एवढ्या गळतीचा आवाज येत नाही, वास येत नाही, साबणाच्या पाण्याचा बुडबुडाही कधी कधी सावकाश फुगतो. तरीही एका वर्षात एसी निकामी होतो. वरून पुन्हा 300 ग्रॅम घातला तर पुढच्या एप्रिलमध्ये हिशेब तोच येणार. आर-32ची तापमानवाढ करण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या 675 पट धरली जाते. त्या हिशेबाने हा 300 ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे सुमारे 88 लिटर पेट्रोल जाळणं.

गळती शोधताना पहिली नजर जाते ती फ्लेअर नटवर. इनडोअर आणि आउटडोअर युनिटचे पाइप जिथे जोडले जातात, तिथे तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून त्यावर पितळी नट आवळलेला असतो. नळी कापताना कडेला बारीक कीस राहिला, तोंड तिरकं पसरलं किंवा नट अंदाजाने जास्त आवळला, की तिथे केसाएवढी फट राहते. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेलही फिरत असतं. ते फटीतून पाझरतं आणि त्यावर धूळ बसते. नटाच्या खालच्या अंगाला काळसर चिकट ठिपका दिसला आणि बोटाला तेलकट लागला, तर गळतीची जागा सापडली असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. असा सांधा कापून, तोंड नव्याने पसरवून आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरानेच आवळून दुरुस्त होतो.

कॉइलमधली गळती जास्त त्रासाची. खाडीच्या, उघड्या नाल्यांच्या आणि गटारांच्या आसपास हवेत हायड्रोजन सल्फाइड असतो. तो तांब्यावर काळा थर चढवतो आणि नळी हळूहळू कुरतडली जाते. किनाऱ्याची खारट हवा कॉइलचे पत्रे आणि सांधे खाते. घरातही नव्या प्लायवुडच्या चिकटद्रव्यांतून सुटणारी सेंद्रिय आम्लं ओलसर तांब्यात सूक्ष्म बोगदे पाडतात. अशी छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत आणि एक बुजवलं तरी शेजारी दुसरं तयारच असतं. कॉइल काळी पडून दोन ठिकाणी गळत असेल, तर ती बदलणंच शहाणपणाचं.

सांधा आवळला म्हणजे काम झालं असं नाही. रिकाम्या यंत्रणेत कोरडा नायट्रोजन भरून तिचा दाब तपासावा लागतो, साधारण 300 ते 400 पीएसआय, किंवा यंत्रावर लिहिलं असेल तसा. ऑक्सिजन कधीही नाही: दाबाखालचा ऑक्सिजन आणि कंप्रेसरचं तेल एकत्र आलं तर स्फोट होतो. संध्याकाळी 400वर ठेवलेला काटा सकाळी 392वर दिसला तर लगेच घाबरू नये. रात्री हवा 6 अंशांनी गार झाली तरी दाब एवढा उतरतोच. त्याहून जास्त उतरला, तर शोध पुन्हा सुरू.

त्यानंतर व्हॅक्यूम. पंपाने आतली हवा आणि ओल 500 मायक्रॉनपर्यंत खेचली, की उरलेलं पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून निघून जातं. ओल आत राहिली तर तेलाशी मिळून आम्ल तयार होतं आणि ते कंप्रेसरच्या मोटरची गुंडाळी आतून खातं. पंप बंद केल्यावर आकडा थोडा वाढून थांबला तर अजून ओल आहे. वाढतच राहिला तर गळती आहे. हे सगळं झाल्यावरच पट्टीवरचे 800 ग्रॅम, पाइप लांब असेल तर वरचे ग्रॅम धरून, सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरायचे.

या कामाला अर्धा दिवस तरी जातो, आणि नायट्रोजनच्या चाचणीला रात्रभर थांबलं तर दुसरा दिवसही. टॉप-अपला वीस मिनिटं लागतात. म्हणून उन्हाळ्याच्या गर्दीत ग्राहकालाही वीस मिनिटांचंच काम हवं असतं. पण अर्धवट गॅसवर महिनोनमहिने चालणारा कंप्रेसर नीट थंड होत नाही, कारण त्याची मोटर फिरत्या गॅसमुळेच गार राहते. तेलही पुरेसं परतत नाही. मग गॅसच्या जागी कंप्रेसरचंच बिल येतं.

मेकॅनिकला चार प्रश्न विचारता येतात: गळती कुठे होती, नायट्रोजनवर किती वेळ ठेवलं, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत गेलं, आणि गॅस किती ग्रॅम भरला. वेल्डिंग करायचं असेल तर आधी गॅस पूर्ण काढलाय का, हेही. आर-32 पेट घेऊ शकतो आणि ज्वाळेत सापडला तर विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो.

जुन्या आर-22 यंत्रांचा निर्णय थोडा निराळा. मॉन्ट्रियल करारानुसार हा गॅस भारतात टप्प्याटप्प्याने बंद होत आहे आणि 2030 हा त्यातला मोठा टप्पा आहे. फ्लेअर नटची गळती असेल तर अशा यंत्राची दुरुस्ती अजूनही परवडते. कॉइल गळत असेल, आणि यंत्र दहा-बारा वर्षांचं असेल, तर नवी कॉइल मिळेपर्यंत थांबण्यापेक्षा उरलेला गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगावं आणि यंत्र बदलावं.