दागिन्यांचीं नांवें : घाट आणि ठिकाण



देवळाली हें नांव ऐकलें कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें नाशिकजवळची छावणीची देवळाली येते. अहिल्यानगर जिल्ह्यांत, राहुरी तालुक्यांत, दुसरी एक देवळाली आहे. तिची पहिलीशीं गल्लत होऊं नये म्हणून ती आपल्या नांवापुढें नदीचें नांव लावते आणि देवळाली प्रवरा म्हणून ओळखली जाते. एक शब्द नांव सांगतो, दुसरा ठिकाण सांगतो. आपल्या घरांतल्या दागिन्यांचीं नांवेंहि बरींचशीं याच रीतीनें पडलेलीं आहेत. कांहीं नांवें दागिन्याचा घाट सांगतात, कांहीं तो अंगावर कोठें बसतो तें सांगतात, आणि थोडीं दोन्ही सांगतात. कोणतें नांव काय सांगतें व काय सांगत नाहीं, हें कळलें नाहीं तर कशी पंचाईत होते, तें आज एका उदाहरणानें पाहूं.

समजा, याच देवळालींतल्या एखाद्या जुन्या घरांत वांटणीच्या वेळीं आजेसासूबाईंच्या वेळची दागिन्यांची याद निघाली. यादींत एवढेंच लिहिलें आहे : नथ एक, तोडे, जोड दोन, साखळी एक, पट्टा एक, बोरमाळ एक, मणी चाळीस, वजन तीन तोळे. पेटींत जिन्नस आहेत, पण कोणता जिन्नस कोणत्या ओळींतला, याविषयीं घरांतल्या माणसांत एकमत नाहीं.

नथेपासून सुरुवात करूं. हा शब्द ठिकाण सांगणारा आहे. नाकाला संस्कृतांत 'नस्' म्हणतात. त्यापासून झालेला 'नस्ता' हा शब्द जनावराच्या नाकांत पाडलेल्या भोंकाला लावीत, आणि प्राकृतांत त्याच कुळींतला 'णत्था' शब्द नाकांतल्या दोरीला होता. म्हणजे ज्याला आपण सौभाग्याचें लेणें म्हणतों, त्याचें नांव बैलाच्या वेसणीच्या शेजारचें आहे! पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं नथेच्या प्राचीनतेचा कसून शोध घेतला होता. इसवी सन १००० च्या पूर्वींच्या संस्कृत साहित्यांत व शिल्पांत नाकांतल्या दागिन्याचा भरंवशाचा पुरावा मिळत नाहीं, या निष्कर्षाकडे त्यांचा शोध जातो. अमरकोशांत मस्तकापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे अलंकार क्रमानें दिले आहेत, पण त्यांत नाकाचा अलंकार नाहीं. कोशकाराच्या नजरेंतून तो सुटला असेल असें म्हणवत नाहीं. कारण हाराचे प्रकार सांगतांना एक पदराची ती एकावली आणि सत्तावीस मोत्यांची ती नक्षत्रमाला, इतका बारीक भेद तो करतो.

तर 'नथ' म्हणजे नाकांतलें कांहींतरी, एवढेंच तें नांव सांगतें. घाट त्यांत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांत नथ म्हटली कीं मोठी वाटोळी कडी समजतात. आपल्याकडे सोन्याच्या तारेंत मोतीं ओंवून मध्यें एखादा लाल किंवा हिरवा खडा बसविलेला झुबका समजतात. घाट वेगळा असला म्हणजे आपण नांवच बदलतों : एकाच खड्याची ती चमकी, लहानशी ती मोरणी, आणि दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यांत लोंबणारा तो बुलाक. देवळालीच्या यादींत नुसती 'नथ' लिहिली आहे, त्या अर्थीं ती मोत्यांचीच असावी; चमकी असती तर चमकीच लिहिली असती. जातां जातां एक गंमत सांगतों. आजकाल नाक न टोंचतां लावावयाची चापाची नथ सर्रास मिळते. भोंकावरून नांव पडलेला दागिना आतां भोंकावांचून चालूं लागला आहे. नांवाला त्याचें कांहीं वाटलेलें दिसत नाहीं.

तोड्यांची गोष्ट याच्या उलट आहे. जाड, गुंफलेल्या किंवा पिळाच्या घडणीचें जड वळें म्हणजे तोडा. हें घाटाचें नांव झालें. तें ठिकाण सांगत नाहीं, कारण तोडे हातांतहि असतात आणि पायांतहि असतात. मग यादींतले दोन जोड कोठले? येथें नांवाच्या मदतीला धातु येतो. आपल्या घरांत कमरेखालीं सोनें घालीत नाहींत. पायांत सोनें घालण्याचा मान राजघराण्यांचा. तेव्हां पेटींत एक जोड सोन्याचा व एक जोड रुप्याचा निघाला, तर सोन्याचा हातांतला यांत शंका राहत नाहीं. रुप्याचा मात्र बहुधा पायांतला, निश्चित नव्हे, कारण साध्या घरांतून हातांतले तोडेहि रुप्याचे असत. तो ओळखावयाचा तर आंतला घेर मोजावा. घोट्यावर बसणाऱ्या तोड्याचा घेर मनगटावरच्यापेक्षां उघडच मोठा असतो, आणि तो रोज जमिनीवर, पलंगाच्या पायावर, एकमेकांवर आपटत असल्यामुळें त्याची खालची व आंतली कड जास्त झिजलेली असते. झीज हाताला कळते. डोळ्यांनीं नुसतें पाहून पुष्कळदां कळत नाहीं.

याच मनगटावरचे दुसरे दागिने पाहिले तर घाटाचें नांव किती नेमकें असूं शकतें तें ध्यानांत येईल. पाटली चपटी असते, आणि तिच्या नांवांत पाट ऐकूं येतो. गोठ वाटोळा, गुळगुळीत, जाड असतो. दोन्ही मनगटावरच येतात, म्हणून नांवानें ठिकाण सांगण्याचें कारण उरलें नाहीं. लहान मुलांच्या मनगट्यांना मात्र ठिकाणावरूनच नांव पडलें. दंडावर गेलों कीं वांकी भेटते. ती वांकविलेली म्हणून वांकी. तिच्या शेजारच्या बाजूबंदाचें नांव फारसींतलें, 'बाजू' म्हणजे दंड आणि 'बंद' म्हणजे बांधणें. तेथें अवयव आणि बांधण्याची रीत दोन्ही एका शब्दांत आलीं.

आतां कमरेकडे वळूं. 'पट्टा एक' यांत अडचण नाहीं. कंबरपट्ट्यालाच घरांत पट्टा म्हणतात, आणि पूर्ण नांवांत ठिकाण व घाट दोन्ही आहेत. 'साखळी एक' या ओळीवर मात्र वाद होतो, कारण साखळी कमरेचीहि असते, पायांचीहि असते. येथें मराठीचें व्याकरणच उपयोगी पडतें. पायांतल्या साखळ्या जोडीनें येतात. म्हणून त्या अनेकवचनांत किंवा 'जोड' शब्द लावून लिहिल्या जातात. याच यादींत तोड्यांना जोड म्हटलें आहे, म्हणजे लिहिणारीला हा भेद ठाऊक होता. तेव्हां तिची एकटी साखळी कमरेचीच समजणें रास्त होईल. शिवाय ती लांबीला कमरेच्या घेराएवढी हवी, आणि टोंकाला फांसा किंवा आंकडा हवा. पुरुषांच्या कमरेचा दागिना असता तर तिनें करदोडा लिहिलें असतें. त्याचें 'कडदोरा' हें रूप पाहिलें म्हणजे त्यांतले कटि आणि दोर ओळखूं येतात. अमरकोशांतहि बायकांच्या कमरेची ती मेखला व पुरुषांच्या कमरेचें तें शृंखल, असा भेद आहेच. कमरेला खोंचावयाचा किल्ल्यांचा छल्ला यादींत नाहीं. तो रोज वापरांत असल्यामुळें बहुधा कोणीच यादींत घालीत नसावें!

उरली बोरमाळ. गळ्यांतल्या दागिन्यांइतकी नांवांची श्रीमंती दुसरीकडे नाहीं, आणि या नांवांत आपलें शेत व स्वयंपाकघर आलें आहे. मणी बोराएवढा व बोराच्या घाटाचा तर बोरमाळ. जोंधळ्याच्या दाण्याएवढा तर जोंधळी पोत. चपट्या पाकळ्या पोह्यांसारख्या दिसल्या तर पोहेहार. सोनाराला माप सांगावयाला याहून सोपी रीत कोणती? ज्या मुलखांत घरोघर जोंधळ्याची भाकरी होते तेथें जोंधळ्याएवढा मणी म्हटलें कीं मोजपट्टी लागत नाहीं. पुतळीमाळेंतली पुतळी तर व्हेनिसचें सोन्याचें नाणें. त्यावरच्या मानवी आकृतींमुळें त्याला हें नांव मिळालें. पण घाटावरून पडलेल्या नांवावरहि सर्वस्वीं विसंबूं नये. चंद्रहारांत चंद्र शोधूं गेल्यास एकांत एक गुंतविलेलीं वळींच हातीं लागतात.

'माळ' आणि 'हार' हे शब्द तो गळ्यांतला आहे एवढें सांगतात. त्यांतहि गळ्याला घट्ट बसणारीं लेणीं वेगळीं. ठुशींत बारीक मणी ठांसून बसविलेले असतात. वज्रटीक कापडाच्या पट्टीवर बसविलेली असते. गळसरींत गळा आणि सर असे दोन्ही शब्द उघड आहेत.

यादींतली बोरमाळ तीन तोळ्यांची आहे. वांटणीच्या दिवशीं कांट्यावर ती ३४.१ ग्रॅम भरली. आजच्या बाजारांत तोळा म्हणजे १० ग्रॅम असा व्यवहार चालतो. म्हणून कोणी म्हणेल कीं तीन तोळे म्हणजे ३० ग्रॅम, माळ तर चार ग्रॅमांनीं जास्त, तेव्हां ही ती माळच नव्हे. परंतु जुना तोळा बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा, आणि असा तोळा सुमारें ११.६६ ग्रॅम भरतो. त्या हिशेबानें तीन तोळे म्हणजे जवळजवळ ३५ ग्रॅम होतात. म्हणजे माळ जास्त नाहीं, उलट सुमारें ०.९ ग्रॅम कमी आहे. चाळीस मण्यांवर ३५ ग्रॅम वांटले तर एक मणी ०.८७५ ग्रॅमांचा पडतो. मणी मोजले, एकोणचाळीस भरले. दोरा झिजून एक मणी कोठें तरी निसटला असावा. पटवेकऱ्याकडून माळ वेळच्या वेळीं नव्यानें ओंवून घेतली नाहीं म्हणजे असें होतें.

एवढ्यावर वाटा पाडावयाला बसूं नये. बोरमाळेचे मणी पोकळ असून त्यांत लाख भरलेली असते, आणि यादींतलें वजन लाखेसकट आहे. मणी आकाराच्या मानानें हलका लागला, दाबला गेलेला दिसला, भोंकाच्या कडेशीं तांबूस कांहीं दिसलें, तर लाख आहे असें समजावें. लाख किती आहे तें बाहेरून कोणालाच सांगतां येत नाहीं. ती तापवून काढली तरच निव्वळ सोनें वजनाला मिळतें, आणि मग माळ मोडली. म्हणून ज्यांना माळ ठेवावयाची आहे त्यांनीं ती सोन्याच्या भावानें न धरतां वस्तु म्हणून एकीच्या वाट्याला द्यावी, आणि नव्या यादींत ओळ अशी लिहावी : सोन्याची बोरमाळ, एकपदरी, लाखेची, मणी ३९, लाखेसह वजन ३४.१ ग्रॅम.