सरासरी १०५ वरून ८६.६ वर का आली?



गेल्या आठवड्याच्या ऊसतोड अहवालात तोडलेल्या उसाची हेक्टरी सरासरी १०५ टन आली होती. नंतर संगणक विभागातील विश्लेषकांनी सर्व विभागीय शेतकी व्यवस्थापकांना ई-मेल पाठवून हा आकडा ८६.६ टन वाचावा असे कळविले. लगेच गावोगाव चर्चा सुरू झाली. कोणी म्हणाले वजन कापले, कोणी म्हणाले ऊसच कमी निघाला. दोन्हीही खरे नाही. त्या पत्रातील मुद्दा आम्ही येथे साध्या हिशेबाने मांडीत आहोत. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत आणि तीनच गट घेतले आहेत.

पहिल्या गटात २०० हेक्टर तोड झाली, वजन भरले १६,००० टन, म्हणजे हेक्टरी ८० टन. दुसऱ्या गटात ४० हेक्टरात ४,४०० टन, म्हणजे हेक्टरी ११०. तिसऱ्या गटात ठिबकवरचा आडसाली ऊस, तोड फक्त १० हेक्टर, वजन १,२५० टन, म्हणजे हेक्टरी १२५. आता सरासरी काढायची कशी? अहवाल दर सोमवारी पहाटे आपोआप तयार होतो, हाताने कोणी मांडीत नाही. त्यात बसविलेले सूत्र ८०, ११० आणि १२५ यांची बेरीज करून तिनाने भागत होते. उत्तर १०५. म्हणजे १० हेक्टरवाल्या गटाला २०० हेक्टरवाल्या गटाइतकाच मान मिळाला! खरा हिशेब असा की एकूण टनांना एकूण क्षेत्राने भागावे: २१,६५० भागिले २५०, म्हणजे ८६.६. एकरात बोलायचे तर साडेबेचाळीस टनांऐवजी पस्तीस टन.

ई-मेलमध्ये जुने व नवे सूत्र शेजारी शेजारी दिले आहे. यात B म्हणजे क्षेत्र, C म्हणजे वजन, D म्हणजे गटाची हेक्टरी सरासरी:

```
=AVERAGE(D2:D4)
=SUM(C2:C4)/SUM(B2:B4)
```

मग इतके आठवडे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? सर्व गटांत तोड साधारण सारख्या क्षेत्रावर चालू असली की दोन्ही सूत्रांची उत्तरे जवळजवळ एकच येतात. एका गटात तोड जोरात आणि दुसऱ्यात नुकती सुरू, असे झाले की फरक उघडा पडतो. तो पकडला एका विभागीय व्यवस्थापकांनी, आणि तेही कागदावर. त्यांनी छापील सरासरीला २५० हेक्टरने गुणले तर २६,२५० टन आले, काट्यावर मात्र २१,६५० टनच. उरलेला ऊस गेला कुठे, असे त्यांनी विचारले, आणि तेथून धागा सापडला. कोणतीही सरासरी क्षेत्राने गुणून काट्याच्या बेरजेशी ताडून पाहावी. जुळली नाही तर भागाकारात खोट आहे असे धरावे.

आता यात सभासदांचे काय अडले? समजा, १,००० हेक्टर ऊस अजून उभा आहे. १०५ धरले तर १,०५,००० टन, ८६.६ धरले तर ८६,६०० टन. रोजचे गाळप ४,००० टन असेल तर हा फरक साडेचार दिवसांहून जास्त होतो. टोळ्या आणि वाहने कोणत्या गटात किती ठेवायची, हंगाम कधी आटोपायचा, हे सगळे याच अंदाजावर ठरते. म्हणूनच ई-मेलमध्ये व्यवस्थापकांना स्पष्ट सांगितले आहे की १०५ धरून केलेला तोडणी कार्यक्रम नव्या आकड्याने पुन्हा मांडावा. काय बदलले नाही तेही लिहिले आहे: गटागटाची स्वतःची सरासरी, काट्याची वजने आणि सभासदांच्या वजनपावत्या जशाच्या तशा आहेत. उसाचे बिल पावतीवरच्या टनावर निघते, या सरासरीवर नाही, त्यामुळे कोणाच्या बिलात एक पैसाही फरक पडणार नाही. पत्र चांगले उतरले आहे असे आमचे मत. चुकीचा आणि बरोबर आकडा पहिल्याच ओळीत दिला आहे, कारण नंतर. नाहीतर कारणेच वाचता वाचता आकडा शोधावा लागतो.

शेवटी विश्लेषकांनी एक इशारा दिला आहे. ८६.६ हा तोडून झालेल्या उसाचा आकडा आहे, उभ्या उसाचा नव्हे. हंगामाच्या सुरुवातीला आडसाली ऊस जास्त येतो आणि तो वजनाला भारी असतो. मागे राहणारा सुरू आणि खोडवा सहसा त्याहून हलका भरतो. तेव्हा उरलेल्या क्षेत्राला सरसकट ८६.६ ने गुणणेही धोक्याचे आहे. म्हणून पुढील अहवालापासून आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा यांचे क्षेत्र व वजन वेगवेगळे दाखवावे, आणि व्यवस्थापकांनी आपापल्या गटातील उभ्या उसाची तशी विभागणी शनिवारपर्यंत पाठवावी, असे पत्रात म्हटले आहे. ज्या सभासदांच्या नोंदीत लागणीचा ऊस आता खोडवा झाला असूनही तसा बदल झालेला नाही, त्यांनी त्याआधी गट ऑफिसात जाऊन नोंद दुरुस्त करून घ्यावी.