शिक्क्याखालचा आकडा

अमेरिकेतल्या लेकाने आईसाठी ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू केली की तिच्या जन्माचा दाखला लागतो. आई १९६२ साली खेड्यात जन्मलेली असेल, तर तिची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या वहीत असू शकते. तहसील कार्यालयातून त्या पानाची नक्कल मिळते. कुणीतरी मोबाइलने तिचा फोटो काढतं आणि तो इंग्रजी अनुवादासाठी पाठवतं.

समजा, त्या फोटोत जन्मतारखेच्या रकान्यात '९ मार्च' स्पष्ट वाचता येतंय. पण नऊच्या आधी आणखी एक आकडा आहे आणि त्यावर जांभळा गोल शिक्का बसलाय. समासात लाल शाईने दोन ओळी लिहिल्या आहेत. वडिलांच्या नावातलं एक अक्षर घडीत गेलंय. घरचे सांगतात, "पासपोर्टवर १९ मार्च आहे, तेच टाका ना."

नेमकं तेच टाकायचं नसतं. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याला परभाषेतल्या कागदाचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद लागतो. तो पूर्ण आणि अचूक आहे, आणि आपण हा अनुवाद करण्यास सक्षम आहोत, असं अनुवादकाला सहीनिशी लिहून द्यावं लागतं. ही हमी समोरच्या कागदापुरती असते. पासपोर्ट हा वेगळा पुरावा आहे. दोन्ही कागद जुळतात की नाही, हे ठरवणं अधिकाऱ्याचं काम. अनुवादकाने पासपोर्टवरचा एक उचलून इथे ठेवला, तर मुळात शंका होती याचा मागमूसच उरत नाही.

म्हणून चौकटी कंस वापरतात. कंसातला मजकूर अनुवादकाचा, बाहेरचा मूळ कागदाचा. तारीख अशी उतरते: [शिक्क्याखाली एक अंक अवाच्य]९ मार्च १९६२. शिक्क्याची नोंद तो कागदावर जिथे आहे तिथेच येते: [जांभळा गोल शिक्का: तहसील कार्यालय, पुढील मजकूर अवाच्य]. शिक्क्यातली जितकी अक्षरं लागतात तितकीच लिहायची; तालुका ठाऊक आहे म्हणून शिक्क्यात तो भरायचा नाही. लाल ओळींच्या आधी [समासात, हस्तलिखित, लाल शाई] असं लिहून त्यांचा अनुवाद द्यायचा. हे टाळून चालत नाही, कारण नावातली दुरुस्ती पुष्कळदा समासातच केलेली असते. सही वाचता आली नाही तर [सही, अवाच्य]. खाली टंकलेल्या नावावरून ती वाचून दाखवायची नाही. मुळातच मोकळा सोडलेला रकाना [कोरा] म्हणून वेगळा दाखवावा लागतो. काही लिहिलंच नव्हतं आणि लिहिलेलं वाचता येत नाही, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

घडीत गेलेल्या अक्षराची गोष्ट निराळी. अर्धा काना आणि वरची रेघ दिसत असेल, तर अनुवादक आपला अंदाज प्रश्नचिन्हासह कंसात देऊ शकतो. पण तो अंदाज त्या पानावरच्या खुणांवरून आलेला हवा. त्याच कारकुनाने वरच्या-खालच्या नोंदींत तेच अक्षर कसं काढलंय, हे ताडून पाहणं इथे फार उपयोगी पडतं. हातच्या लिखाणात १ आणि ९ यांचीही अशीच गल्लत होते.

'अवाच्य' लिहिण्याआधी मात्र प्रयत्न पुरा झालेला असावा. मेसेजवरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो, त्यामुळे मूळ नक्कल ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून मागवावी. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये शिक्का आणि अक्षर एकाच काळ्या रंगात मिसळतात. रंगीत असेल तर फोटो सुधारण्याच्या कोणत्याही चांगल्या प्रोग्रॅममध्ये लाल, हिरवा आणि निळा थर वेगवेगळे पाहता येतात. निळ्या थरात जांभळा शिक्का फिकट पडतो आणि काळ्या शाईचं अक्षर वर येतं. नोंदच निळ्या शाईची असेल, तर हा उपाय चालत नाही.

आणि स्पष्ट दिसणारा आकडा तरी खरा असतोच असं नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती. एका घराच्या नकाशात २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ छापून आलं. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच मानून एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. अक्षर पुसट झालं असतं तर कुणालाही संशय आला असता; इथे आकडा सुबक, ठसठशीत आणि चुकीचा होता. स्कॅनमधली बेरीज जुळेना, किंवा अंकी आणि अक्षरी तारीख वेगळी निघाली, तर अनुवादकाने स्वतः दुरुस्ती न करता दिसतं तसंच उतरवावं, कंसात विसंगती नोंदवावी आणि मूळ कागद पाहायला मागावा.

त्या आईच्या दाखल्याचा आकडा रंगीत स्कॅनमध्येही उमटला नाही, तर तहसीलमध्ये दुसऱ्या नकलेसाठी अर्ज करता येतो. शिक्का नोंदीवर न मारता मोकळ्या जागेत मारावा, एवढी विनंती तेव्हा खिडकीवरच करून ठेवावी.