एका फेरीवरून मैलाचा अंदाज

प्रमाणित धावपट्टीची आतली, म्हणजे पहिल्या लेनमधली एक फेरी ४०० मीटरची असते. किलोमीटरमध्ये अशा अडीच फेऱ्या बसतात. म्हणून फेरीला लागलेले सेकंद अडीचने गुणले की दर किलोमीटरचा वेळ, म्हणजेच धावपटू ज्याला पेस म्हणतात तो, हाती येतो. समजा, एका फेरीला ९० सेकंद लागले. ९० गुणिले अडीच म्हणजे २२५ सेकंद, अर्थात ३ मिनिटे ४५ सेकंद. हिशेब सेकंदांतच करावा आणि मिनिटे शेवटी काढावीत. गणकयंत्रावर २२५ ला ६० ने भागले की ३.७५ दिसते आणि ते अनेकदा ‘तीन मिनिटे पंचाहत्तर सेकंद’ असे वाचले जाते. प्रत्यक्षात ०.७५ म्हणजे पाऊण मिनिट, म्हणजे ४५ सेकंद.

मैल म्हणजे चार फेऱ्या, असा सर्रास समज आहे. चार फेऱ्या १६०० मीटर होतात, तर मैल १६०९.३४ मीटरचा असतो. हे उरलेले सव्वानऊ मीटरहून थोडे जास्त अंतर ९० सेकंदांच्या फेरीच्या वेगाने धावायला २.१ सेकंद लागतात. म्हणून मैलासाठी फेरीचा वेळ ४ ने नव्हे, तर ४.०२३ ने गुणायचा. ९० सेकंदांच्या फेरीवरून येणारा मैल ६ मिनिटांचा नसून ६ मिनिटे २.१ सेकंदांचा आहे. सहा मिनिटांच्या आत मैल धावू पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो.

फेरी कोणत्या लेनमध्ये घेतली, हेही पाहावे लागते. दुसऱ्या लेनमधली पूर्ण फेरी सुमारे ४०७ मीटरची असते. तिथे ९० सेकंद लागले असतील, तर ४०० मीटरचा खरा वेळ साडेअठ्ठ्याऐंशी सेकंदांच्या आसपास येतो. स्टॉपवॉच दाबताना झालेली चूकही गुणाकारात वाढते. फेरीत अर्ध्या सेकंदाची गफलत झाली, की मैलाच्या अंदाजात दोन सेकंदांची होते.

इथपर्यंतचे सगळे अंकगणित आहे आणि ते अचूकच आहे. मात्र एकच वेग मैलभर टिकतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. अंदाज चुकतो तो इथे. जीव तोडून मारलेल्या एका फेरीत स्नायू बरीचशी ऊर्जा प्राणवायूचा पुरवठा पुरेसा नसतानाही तयार करतात. हा मार्ग झटपट ऊर्जा देतो, पण फार वेळ चालत नाही. मैल मात्र मुख्यतः प्राणवायूच्या जोरावर धावला जातो. ४०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम वेड वॅन नीकर्कच्या नावावर आहे : ४३.०३ सेकंद, रिओ, २०१६. त्याला ४.०२३ ने गुणले तर मैल २ मिनिटे ५३ सेकंदांत संपायला हवा. मैलाचा खरा विश्वविक्रम हिशाम एल गेरूज याचा आहे : ३ मिनिटे ४३.१३ सेकंद, रोम, १९९९. त्याची सरासरी फेरी सुमारे साडेपंचावन्न सेकंदांची पडते.

अंतर वाढले की वेग किती घटतो, हे मोजण्यासाठी पीट रीगेल या अमेरिकन अभियंत्याने १९७७ साली एक सूत्र मांडले :

T2 = T1 × (D2 / D1)^1.06

T म्हणजे वेळ आणि D म्हणजे अंतर. पूर्ण ताकदीने ७५ सेकंदांत फेरी मारणाऱ्याचा मैल साध्या गुणाकाराने ५ मिनिटे २ सेकंदांचा येतो, तर या सूत्राने ५ मिनिटे २८ सेकंदांचा. दुसरा आकडा वास्तवाच्या अधिक जवळ आहे, तरीही तो बहुधा आशावादीच ठरतो. कारण हे सूत्र साधारण साडेतीन मिनिटांहून अधिक चालणाऱ्या शर्यतींसाठी आहे आणि ७५ सेकंदांची धाव त्याच्या कक्षेबाहेर पडते. पल्ल्याच्या सरावाची सवय नसलेला वेगवान धावपटू मैलाला सहा मिनिटांहून अधिकही घेऊ शकतो.

म्हणून एकाच फेरीवरून अंदाज बांधायचा असेल, तर ती फेरी सलग धावेतली असावी. अंग गरम करून एका लयीत तीन फेऱ्या धावाव्यात आणि तिसरीचा वेळ घ्यावा. पहिली फेरी उत्साहात वेगाने जाते, तिसरीत दमाचा खरा कस लागतो. तिसरी पहिलीपेक्षा चार-पाच सेकंदांनी मंदावली, तर निवडलेला वेग मैलभर टिकणार नाही, हे तिथेच कळते. दोन्ही जवळपास सारख्या आल्या आणि चौथीइतका दम उरला असेल, तर तिसरीला ४.०२३ ने गुणून आलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

हाच हिशेब उलटाही करता येतो. सहा मिनिटांच्या मैलासाठी ३६० ला ४.०२३ ने भागले की फेरी साडेएकोणनव्वद सेकंदांची येते. मैलाची सुरुवात अंतिम रेषेच्या ९.३४ मीटर मागून होत असल्याने पहिली फेरी पूर्ण होताना घड्याळात साधारण १ मिनिट ३१.६ सेकंद दिसायला हवेत, दुसरीअखेर ३ मिनिटे १ सेकंद आणि तिसरीअखेर ४ मिनिटे ३०.५ सेकंद.