बसल्या बसल्या झोपायचं तर

पुण्याहून नागपूरला जाणारी रात्रीची बस संध्याकाळी सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचते. अंतर 700 किलोमीटरच्या आसपास. स्लीपरचं तिकीट मिळालं तर आडवं होता येतं, पण दिवाळीच्या गर्दीत हाती लागते ती बहुधा सेमी-स्लीपरची सीट. अशा सीटवर झोप लागत नाही असं नाही. लागते, पण दर थोड्या वेळानं डोकं घसरतं आणि माणूस दचकून जागा होतो. विमानातल्या इकॉनॉमी वर्गात आणि रेल्वेच्या चेअर कारमध्येही हेच घडतं.

प्रौढ माणसाचं डोकं साधारण 4.5 ते 5 किलो वजनाचं असतं. जागेपणी मानेचे स्नायू ते सतत तोलून धरतात आणि आपल्याला त्याची जाणीवही होत नाही. डोळा लागला की हे स्नायू सैल पडू लागतात. स्वप्नं पडण्याचा जो टप्पा असतो त्यात तर ते जवळजवळ पूर्ण ढिले होतात, आणि हा टप्पा झोप लागल्यावर साधारण दीड तासानं पहिल्यांदा येतो. म्हणून कुणाला सुरुवातीचा तासभर बरी झोप लागते आणि मग अचानक हिसका बसून जाग येते. बिछान्यात हे वजन उशी पेलते. सीटवर ते पेलायला कुणीतरी हवं, एवढाच सगळा प्रश्न आहे.

बहुतेक लोक त्यासाठी मानेची उशी विकत घेतात आणि तिथेच थांबतात. माझ्या मते सुरुवात कमरेपासून करायला हवी. आपण सीटवर बसतो, बटण दाबून पाठ मागे झुकवतो आणि मग अंग सैल सोडतो. तोवर कंबर पुढे सरकलेली असते, पाठीचा कणा पोक काढल्यासारखा वाकतो आणि त्याच्या टोकावरचं डोकं आपोआप पुढे येतं. अशा वेळी मानेला कितीही आधार दिला तरी तो टिकत नाही. म्हणून आधी बूड सीटच्या अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत रेटायचं, कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला पंचा ठेवायचा आणि त्यानंतरच सीट मागे घ्यायची. गुंडाळी मनगटाएवढी जाड पुरे. त्याहून जाड असेल तर तीच टोचू लागते.

सीट जितकी मागे जाईल तितकी घ्यावी. पाठ उभ्या रेषेपासून 40 अंशांच्या आसपास मागे गेली, तर झोप बिछान्यातल्या झोपेच्या बरीच जवळ जाते. विमानाची साधी सीट एवढी झुकत नाही, सेमी-स्लीपर बसची मात्र पुष्कळ जवळ जाते. झुकण्याआधी मागच्या प्रवाशाला सांगावं. सर्वांत मागची रांग आणि विमानात आपत्कालीन दाराजवळच्या काही रांगा झुकतच नाहीत, हे तिकीट काढतानाच पाहून ठेवावं.

कंबर पुढे सरकण्याचं आणखी एक कारण म्हणजे लोंबकळणारे पाय. उंची कमी असेल तर पावलं जमिनीला नीट टेकत नाहीत, मांडीखाली सीटची कड दाबते आणि शरीर हळूहळू खाली घसरतं. पायाखाली हातातली बॅग आडवी ठेवली की गुडघे मांड्यांच्या पातळीला किंवा किंचित वर येतात आणि घसरणं थांबतं.

आता मान. बाजारातली इंग्रजी यू आकाराची उशी बहुतेक जण जाड भाग मागे ठेवून घालतात. सीटला डोक्यामागे आधीच गादी असते; तिच्यावर ही जाडी आली की डोकं पुढे ढकललं जातं आणि हनुवटी छातीवर येते. उशी मागे चपटी आणि बाजूंना जाड असेल तर सरळ घालावी. तशी नसेल तर उलटी फिरवून जाड भाग हनुवटीखाली आणावा. मागे पडणारं डोकं सीट पेलते, पुढे पडणारं उशी.

उशी नसेल तर शाल पुरते. ती लांबीला चार-पाच बोटं रुंद घडी करून गळ्याभोवती सैल गुंडाळायची आणि ज्या बाजूला झुकणार त्या बाजूला जबडा आणि खांदा यांच्यामधली पोकळी भरेल एवढे थर द्यायचे. डोकं त्यावर सोडून पाहावं. कान खांद्याकडे बराच झुकत असेल तर थर कमी पडले. गळ्यापाशी दोन बोटं सहज सरकायला हवीत. घट्ट गुंडाळी चालणार नाही, आणि लहान मुलांच्या गळ्याभोवती तर असं काही गुंडाळूच नये.

खिडकीची सीट मिळाली तर बाजूचा आधार मिळतो, पण डोकं थेट काचेला टेकवू नये. रस्त्याची सगळी थरथर काचेतून कवटीत येते. मध्ये चादरीची जाड घडी हवी. बसमध्ये चाकांच्या वरच्या आणि त्यांच्यामागच्या सीटना धक्के जास्त बसतात, म्हणून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली जागा निवडावी.

काय चुकलं हे जागं झाल्यावर कळतं. मानेची एकच बाजू धरली असेल तर तिच्या विरुद्ध बाजूला डोकं जास्त कललं होतं. मानेचा मागचा भाग दुखत असेल तर डोकं पुढे पडलं होतं. कंबर दुखत असेल तर बूड सरकलं होतं. पुढच्या थांब्यानंतर बसताना तेवढंच दुरुस्त करावं.

आवाजाचं गणित वेगळं आहे. इंजिनाची एकसुरी घरघर झोपेला फारशी आड येत नाही. झोप मोडते ती मध्येच वाजणाऱ्या हॉर्ननं, शेजाऱ्याच्या मोबाइलवरच्या व्हिडिओनं, थांब्याचं नाव पुकारणाऱ्या वाहकानं. आवाज दाबणारे महागडे हेडफोन नेमकी घरघर चांगली कमी करतात, बोलणं आणि रडणं तितकं नाही. त्यासाठी फोमचे स्वस्त बोळे अधिक उपयोगी पडतात, पण ते नीट घालायला हवेत. बोळा बोटांनी वळून शक्य तितका बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. मग दोन्ही तळवे कानांवर ठेवून पाहावं. आवाज आणखी फारसा कमी झाला नाही तर बोळे बरोबर बसले आहेत. बाहेरच राहिलेला बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो. विमान खाली उतरू लागलं की कानावर दाब येतो, तेव्हा ते हळूच फिरवत काढावेत.

बोळे घातले की उतरायचं ठिकाण चुकण्याची भीती असते. मोबाइलचा गजर कंपनावर लावून तो शर्टाच्या खिशात ठेवावा आणि वाहकालाही सांगून ठेवावं. ही सगळी मांडामांड जेवणाच्या थांब्यानंतर करावी, नाहीतर दिवे लागले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

एवढं करूनही बसल्या झोपेला मर्यादा आहे. 4 तासांहून जास्त वेळ पाय न हलवता बसलं तर पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून पायावर पाय टाकून झोपू नये, जाग येईल तेव्हा पावलं वर-खाली हलवावीत आणि थांब्यावर उतरून चालावं. झोपेची गोळी घेतली की माणूस तासन् तास हलत नाही, त्यामुळे सीटवरच्या प्रवासात ती स्वतःच्या मनानं घेऊ नये. ज्यांना आधी अशी गुठळी झाली आहे, ज्या गरोदर आहेत किंवा ज्यांचं नुकतंच मोठं ऑपरेशन झालं आहे, त्यांनी तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांना विचारावं आणि शक्यतो आडवं होता येईल असाच प्रवास निवडावा.