रखडणाऱ्या वाय-फायवर कोणते गेम?

गेम निवडताना प्लॅनच्या वेगाआधी खेळाचं चित्र कुठे तयार होतं ते पाहावं. क्लाउड गेमिंगमध्ये ते दूरच्या सर्व्हरवरून अखंड येत राहतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला जेमतेम १७ मिलिसेकंद. राउटरला `ping` केल्यावर उत्तर कधी ३, तर कधी ९० मिलिसेकंदांनी येत असेल, तर दोष घरातल्या वाय-फायचाच. महागडा प्लॅन घेऊनही चित्र अडखळणारच. ‘स्टारड्यू व्हॅली’ मात्र घरच्याच यंत्रावर चालतो आणि १.५ आवृत्तीपासून एकाच टीव्हीवर स्क्रीन विभागून दोघांना खेळता येतो.

डाउनलोड तरी नेटवरूनच ना, असं कुणी म्हणेल. खरंय, पण डाउनलोडला उशीर चालतो, सामन्याला नाही. ५०० एमबीचा गेम २ एमबीपीएसवर अर्ध्या-पाऊण तासात उतरतो, मध्ये रखडला तरी बिघडत नाही. १०० जीबीचा गेम मात्र साडेचार दिवस घेईल, तो सोडलेलाच बरा. ऑनलाइनचीच हौस असेल तर बुद्धिबळ खेळावं: एका चालीला नगण्य डेटा लागतो, अर्धा सेकंद उशीर जाणवतही नाही. फक्त एका मिनिटाच्या ‘बुलेट’ डावांच्या वाटेला जाऊ नये.